थकवा एका वाटेने येतो, दुरावा दुसऱ्या

शाळा असो की रुग्णालय, माणसं राजीनामे द्यायला लागली की व्यवस्थापनाला पहिल्यांदा सुचते ती ताणमुक्तीची कार्यशाळा. श्वासाचे व्यायाम, एक वक्ता, 'सकारात्मक ऊर्जे'वरच्या स्लाइड्स आणि शेवटी भरून द्यायचा फॉर्म. ही कार्यशाळा बहुधा ड्युटी संपल्यावर असते, म्हणजे कामाच्या वेळेत आणखी दोन तासांची भरच. शिवाय ऊर्जा सकारात्मक की नकारात्मक हे मोजणारं उपकरण अजून कुणी दाखवलेलं नाही, पण ते असो. खरी अडचण त्यामागच्या गृहीतकात आहे. बर्नआउट म्हणजे फार थकणं, आणि थकलेल्याला विश्रांती दिली की झालं, असं आपण धरून चालतो.

हा शब्द 1974 साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल वापरला. त्याला मोजमापाची शिस्त लावली ती क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी. 1981 साली त्यांनी बावीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे ते आपल्याला किती वेळा जाणवतं हे सांगायचं: कधीच नाही म्हणजे 0, रोज म्हणजे 6. नऊ विधानं भावनिक थकव्याची आहेत. पाच विधानं समोरच्या माणसाविषयी आलेल्या कोरडेपणाची, दुराव्याची. उरलेली आठ आपल्या हातून काही चांगलं घडतंय या भावनेची, म्हणजे त्यात गुण जितके कमी तितकी परिस्थिती वाईट. पुढे शिक्षकांसाठी याच प्रश्नावलीची वेगळी आवृत्ती निघाली.

या तिन्ही आकड्यांची बेरीज करायची नसते. ती का करू नये हे एका उदाहरणाने पाहू; त्यातली माणसं आणि आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. एका शिक्षकाला थकव्यात 54 पैकी 36, दुराव्यात 30 पैकी 4 आणि कर्तृत्वात 48 पैकी 40 गुण आहेत. एका परिचारिकेला अनुक्रमे 20, 14 आणि 34. कर्तृत्वाचे गुण उलटे करून (48 मधून वजा करून) बेरीज केली, तर दोघांचीही 48 येते. बेरजेवर विश्वास ठेवला तर दोघांना एकच औषध. प्रत्यक्षात सर पार दमलेत, पण वर्गातली मुलं त्यांना अजून हवीशी वाटतात. सिस्टर तेवढ्या दमलेल्या नाहीत. त्यांचं मन मात्र कामातून निघून गेलंय.

हा दुरावा बाहेरून पटकन ओळखू येत नाही. 'सात नंबरचं सलाइन संपलं' असं वॉर्डात सगळेच म्हणतात, त्यावरून काही ठरत नाही. नातेवाइकाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मान वर न करता उत्तर येतं, आणि ते कालच्याच शब्दांत असतं, तेव्हा शंका घ्यावी. शिक्षकाच्या बाबतीत वह्यांचा गठ्ठा बघावा. चाळीस वह्यांवर 'अधिक प्रयत्न कर' हाच शेरा असेल आणि त्यात एखादी उत्तम वहीही सापडली, तर निबंध वाचलेलेच नाहीत.

दमणं आणि तुटणं या दोन गोष्टी वेगळ्या असतील, तर त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. नेमकं हेच 2001 साली एव्हांगेलिया डेमेरूटी, आर्नल्ड बाकर, फ्रीडहेल्म नाखरायनर आणि विल्मार शाउफेली यांनी मांडलं. त्यांनी कामाचे दोन भाग केले. एक, काम तुमच्याकडून जे काढून घेतं ते: रुग्णांची संख्या, वेळेचा तगादा, रात्रपाळ्या, गोंगाट, रडणारी-ओरडणारी माणसं. याला कामाच्या मागण्या म्हणू. दुसरा भाग, काम तुम्हाला जे पुरवतं ते: निर्णयात हात, वरिष्ठांचा पाठिंबा, केलेल्या कामाची पोच, लागणारी माहिती वेळेवर मिळणं. याला आधार म्हणू. मागण्या वाढल्या की प्रामुख्याने थकवा वाढतो. आधार आटला की प्रामुख्याने दुरावा वाढतो, असं त्यांच्या मांडणीत आहे. म्हणजे हा एका पारड्यात मागण्या आणि दुसऱ्यात आधार टाकलेला तराजू नव्हे. वाटा दोन आहेत, पण अधूनमधून एकमेकींना मिळणाऱ्या.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती पहिली वाट, मागण्यांकडून थकव्याकडे जाणारी. कारण तिच्यात बराच काळ काहीच बिघडलेलं दिसत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉकी यांनी याचं स्पष्टीकरण दिलं. भार वाढला की माणूस लगेच काम बिघडू देत नाही. तो जास्त जोर लावतो आणि मुख्य उद्दिष्ट राखतो. त्या जादा जोराची किंमत मात्र इतरत्र वसूल होते.

वॉर्डातच पाहू. पाच रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरकडे आज आठ आले. इंजेक्शनं आणि औषधं वेळेवर जातात, कारण ती चुकली तर रुग्णाला धोका असतो आणि नोंदीतही दिसतं. आधी गळतं ते नोंदीत न दिसणारं: घाबरलेल्या आजोबांशी पाच मिनिटं बोलणं, घरी जाणाऱ्या रुग्णाला गोळ्या नीट समजावून सांगणं. त्यानंतर स्वतःचं जेवण, पाणी, पाच मिनिटं टेकणं. कामाचे टप्पे डोक्यात धरून ठेवायची पद्धतही बदलते. आधी ती पुढच्या दोन तासांचा आराखडा करून चालायची, आता जे समोर येईल ते उरकते. शरीर इकडे जोर पुरवत असतं. ॲड्रेनलीनसारखी संप्रेरकं वाढतात, नाडी वाढते, आणि ड्युटी संपली तरी ती लगेच खाली येत नाहीत.

आता इथली मेख पाहा. जादा जोर लावण्यात स्वतःहून वाईट काही नाही, शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. फक्त नंतर सावरायला अवधी मिळाला पाहिजे. पण सावरण्याची साधनं, म्हणजे जेवण, टेकणं, सलग झोप, हीच भार वाढल्यावर पहिल्यांदा कापली जातात. त्यामुळे कालचा शिल्लक शीण घेऊन आजची ड्युटी सुरू होते. तेच काम करायला आज कालच्यापेक्षा अधिक जोर लागतो, आणि म्हणून उद्याची शिल्लक आणखी मोठी होते. वरिष्ठांच्या रजिस्टरमध्ये मात्र सगळं ठीक असतं, कारण रजिस्टर नेमक्या त्याच गोष्टी मोजतं ज्या सिस्टर जिवाच्या आकांताने राखतेय. रजिस्टरमध्ये चूक उमटते तोवर थकवा फार पुढे गेलेला असतो.

जोर लावणं परवडेनासं झालं की हॉकींच्या मते दुसरा मार्ग उरतो: उद्दिष्टच खाली आणायचं. रुग्णाला बरं वाटावं हे ध्येय सोडून त्याला गोळी दिली की झालं, इथे यायचं. इथे दोन्ही वाटा मिळतात. दुरावा हा स्वभावातला दोष नसून कित्येकदा उरलीसुरली शक्ती वाचवण्याचा प्रयत्न असतो. तो फसतो, कारण कोरडेपणाने वागवलेला रुग्ण किंवा विद्यार्थी शांत बसत नाही. तो अधिक त्रास देतो आणि मागण्या वाढतात.

भाराचा परिणाम किती, याचा गाजलेला पुरावा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दिला. पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांत त्यांना आढळलं की दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटच्या शक्यतेचं गुणोत्तर 23 टक्क्यांनी वाढतं, आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तीस दिवसांत दगावण्याचं 7 टक्क्यांनी. 'शक्यतेचं गुणोत्तर' म्हणजे शेकडा प्रमाण नव्हे, आणि बातम्यांत इथेच घोळ होतो. समजा चार रुग्णांच्या भारावर शंभरातल्या 30 परिचारिका बर्नआउटमध्ये आहेत. गुणोत्तर झालं 30 भागिले 70, म्हणजे 0.43. भार आठवर गेला की त्याला चार वेळा 1.23 ने गुणायचं. येतात सुमारे 0.98. त्याचं शेकडा प्रमाण होतं जवळजवळ 50. अर्थात ही एका वेळची पाहणी होती, त्यामुळे भारानेच बर्नआउट झाला असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी कॅलिफोर्नियाने कायदा करून 2004 पासून परिचारिकेमागे रुग्णांची कमाल संख्या बांधून दिली.

आधार नुसता दुरावा रोखतो असंही नाही. तो भाराची धारही बोथट करतो. फिनलंडमधल्या 805 शिक्षकांच्या 2007 सालच्या अभ्यासात वर्गातल्या दंगेखोरपणाने शिक्षकांची कामातली गोडी कमी होत होती, पण वरिष्ठांचा पाठिंबा आणि कौतुक मिळणाऱ्यांमध्ये ही घसरण कमी होती. आधाराचा उपयोग वर्ग सर्वात जास्त त्रासदायक असतो तिथेच सर्वाधिक दिसला.

आता एक तक्रार. 'दहा प्रश्नांत ओळखा तुमचा बर्नआउट' असल्या चाचण्यांवर विसंबू नका. मूळ प्रश्नावलीसाठीही 'इतक्या गुणांपुढे बर्नआउट' अशी जी रेघ वापरली जायची, ती पुढच्या आवृत्तीत काढून टाकली. रेघ कुठे ओढायची यावर एकमत नसल्याने काय होतं? 2018 साली डॉक्टरांवरच्या 182 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बर्नआउटचं प्रमाण 0 पासून 80.5 टक्क्यांपर्यंत काहीही निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या यादीत त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित घटना म्हटलं आहे. काही संशोधकांना तर थकव्याचा भाग नैराश्यापासून वेगळा काढता येत नाही असं वाटतं. म्हणूनच घरी, सुट्टीत, आवडत्या माणसांतही मन लागत नसेल, तर नोकरीला दोष देत न बसता डॉक्टरांना भेटावं.

मागण्या आणि आधार या मांडणीची स्वतःचीही मर्यादा आहे. मागण्याही कर्मचाऱ्यालाच विचारायच्या आणि थकवाही त्यालाच. दमलेल्याला तेवढंच काम जास्त वाटतं, मग कशाने काय झालं हे सुटं करणं कठीण जातं. यावर उपाय म्हणजे त्याच माणसांना काही महिन्यांनी पुन्हा विचारणं, किंवा भार रोस्टरवरून मोजणं.

तर आपल्या उदाहरणातल्या सरांना सुट्टी द्यावी का? 1997 साली मिना वेस्टमन आणि डव्ह एडन यांनी कारकुनांचा बर्नआउट सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मोजला. सुट्टीत तो उतरला, आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा जिथे होता तिथे आला. सरांचे तास, जादा कामं किंवा वह्यांचे गठ्ठे कमी केल्याशिवाय त्यांचा 36 हा आकडा खाली राहणार नाही. सिस्टरचे रुग्ण कमी करून मात्र फार फरक पडेलच असं नाही. त्यांना पाळ्या लावताना कधी विचारलं जातं का, त्यांनी डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट ऐकली जाते का, घरी गेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कळतं का, तिथून सुरुवात करावी लागेल.