प्रिसिजन रेक्टिफायर: दुसऱ्या डायोडमागची गोष्ट

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत स्विचगियर, रिले आणि करंट ट्रान्सफॉर्मरचे काम बरेच चालते, आणि त्यांच्यासाठी कंट्रोल कार्ड भरून देणारी छोटी युनिट्सही तिथेच आहेत. त्यामुळे या शहरात प्रिसिजन रेक्टिफायर, म्हणजे डायोडला ऑप-अँप या अँप्लिफायर आयसीची जोड देऊन अगदी लहान एसी सिग्नलही एका दिशेचा करणारे सर्किट, हा विषय फक्त डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलपुरता उरत नाही. अर्थ लीकेज रिलेचे उदाहरण घेऊ. गळतीचा करंट ३० मिलिअँपिअर आहे आणि ती पकडणाऱ्या कोअर बॅलन्स करंट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे सीटीला, १००० वेढे आहेत, म्हणजे सेकंडरीत ३० मायक्रोअँपिअर येतात. कोअरचा मॅग्नेटायझिंग करंट त्यातूनही थोडा खातो, पण तो सध्या बाजूला ठेवू. सेकंडरीवरचा रेझिस्टर, म्हणजे बर्डन, २४० ओहमचा असेल तर त्यावर ७.२ मिलिव्होल्ट आरएमएस मिळतात, म्हणजे शिखराला साधारण १० मिलिव्होल्ट. सिलिकॉन डायोडला उघडायला अर्धा-पाऊण व्होल्ट लागतो. जर्मेनियमचा डायोड लावला तरी हा सिग्नल त्याला जागेवरून हलवत नाही.

ही अडचण ऑप-अँपपेक्षा जुनी आहे. १९२० च्या दशकात आलेल्या कॉपर ऑक्साइड रेक्टिफायरमुळे फिरत्या कॉइलच्या मीटरवर एसी वाचता येऊ लागले, पण स्केलचा खालचा भाग दाटला. जुन्या काट्याच्या मल्टिमीटरवर १० व्होल्ट एसीसाठी वेगळी, सुरुवातीला आखडलेली पट्टी छापलेली असते, ती याच कारणाने. १९४० च्या दशकापर्यंत व्हॉल्व्हच्या व्होल्टमीटरमध्ये रेक्टिफायर अँप्लिफायरच्या फीडबॅकमध्येच ठेवण्याची युक्ती वापरात आली होती. पुढच्या दशकात अॅनलॉग कॉम्प्युटरमध्ये तीच कल्पना ‘अॅब्सोल्यूट व्हॅल्यू’ या नावाने आली, कारण तिथे गरज एसी मोजण्याची नव्हती, चिन्ह काढून टाकण्याची होती. मग १९६५ मध्ये ७०९ आणि १९६८ मध्ये ७४१ हे ऑप-अँप आयसी आले. ७४१ मध्ये कॉम्पेन्सेशनचा कपॅसिटर आतच होता, त्यामुळे तो कोणीही ब्रेडबोर्डवर लावू शकत होता. आज आपण जे सर्किट शिकतो ते खऱ्या अर्थाने ७४१ च्या काळातले आहे, आणि त्याचे दोषही त्याच काळाचे आहेत.

तत्त्व सगळ्यांना माहीत असते: डायोड फीडबॅकच्या आत ठेवायचा आणि फीडबॅक डायोडच्या पलीकडून घ्यायचा. इतक्या लहान करंटला डायोडवर साधारण ०.४ व्होल्टचा ड्रॉप पडतो; ऑप-अँप स्वतःचे आउटपुट तेवढे वर नेतो आणि तो भरून काढतो. ५० हर्ट्झला ७४१ चा गेन २०,००० च्या आसपास असतो, म्हणून ०.४ व्होल्टचा ड्रॉप इनपुटच्या बाजूने फक्त २० मायक्रोव्होल्टचा दिसतो. इथे एक चूक वारंवार होते. फीडबॅकची वायर डायोडच्या आधी, थेट ऑप-अँपच्या आउटपुटला, म्हणजे ६ नंबरच्या पिनला लागते. मग सर्किट चालते, पण ड्रॉप पूर्ण परत येतो आणि १० मिलिव्होल्टला आउटपुटवर काहीच दिसत नाही.

वाद आहे तो डायोड एक की दोन याचा. एका डायोडच्या नॉन-इनव्हर्टिंग सर्किटला ‘सुपर डायोड’ म्हणतात. त्याचे इनपुट सिग्नलवर भार टाकत नाही आणि रेझिस्टर जुळवावे लागत नाहीत, म्हणून शिकवायला तेच आधी घेतले जाते. अडचण निगेटिव्ह अर्ध्या सायकलमध्ये येते. डायोड बंद झाला की फीडबॅक तुटतो, आणि ±१५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४१ चे आउटपुट थेट −१३ व्होल्टपर्यंत जाऊन बसते. सिग्नल पुन्हा पॉझिटिव्ह झाला की त्याला तिथून +०.४ पर्यंत, म्हणजे १३.४ व्होल्ट चढून यावे लागते.

ही चढण स्लू रेटने, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त ज्या वेगाने बदलू शकते त्याने, मोजायची, असे सहसा सांगितले जाते. ७४१ चा स्लू रेट ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, तेव्हा वेळ होतो २७ मायक्रोसेकंद, आणि १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या सायकलमध्ये तो कुठेच दिसू नये. हा हिशेब मोठ्या सिग्नलला ठीक आहे, लहान सिग्नलला साफ चुकतो. स्लू रेट ही वरची मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचायला ऑप-अँपच्या दोन इनपुटमध्ये ऐंशीएक मिलिव्होल्टचा फरक लागतो. त्याखाली ७४१ इंटिग्रेटरसारखा वागतो. एक मिलिव्होल्टच्या फरकाला त्याचे आउटपुट एका मिलिसेकंदात साधारण ६.३ व्होल्ट सरकते, त्याहून वेगाने नाही.

म्हणजे १३.४ व्होल्ट चढायला सिग्नलचे सुमारे २.१ मिलिव्होल्ट-मिलिसेकंद इतके क्षेत्रफळ खर्च होते. सिग्नल केवढाही असो, प्रत्येक पॉझिटिव्ह अर्ध्या सायकलला एवढा तुकडा आधी जातो. १० मिलिव्होल्ट शिखराच्या अर्ध्या सायकलचे क्षेत्रफळ ६३.७ असते, म्हणून ३.३ टक्के गेले. वेळेत पाहिले तर पहिली १.२ मिलिसेकंद आउटपुट शून्यावर पडून राहते आणि मग एकदम उडी मारून वर येते. १०० मिलिव्होल्टला हाच तोटा ०.३३ टक्के होतो आणि १ व्होल्टला ०.०३. प्रॅक्टिकलला १ व्होल्टचा सिग्नल देतात, म्हणून सुपर डायोड तिथे निर्दोष दिसतो. १ किलोहर्ट्झ लावला तर स्कोपवर सुरुवातीचा कोपरा ३५ मायक्रोसेकंदांच्या आसपास खाल्लेला दिसतो, पण तिकडे लक्ष वेधले जात नाही. १० किलोहर्ट्झला अर्ध्या सायकलचा निम्म्याहून जास्त भाग उडतो. थोडक्यात, डायोडचा ड्रॉप नाहीसा झालेला नाही. तो व्होल्टऐवजी वेळेत मोजून घेतला जातो.

दुसरा डायोड नेमका इथे कामाला येतो. सर्किट इनव्हर्टिंग करायचे, इनपुटला १० किलोओहम, फीडबॅकला १० किलोओहम आणि एक १एन४१४८ डायोड. दुसरा १एन४१४८ आउटपुट पिनपासून इनव्हर्टिंग इनपुटकडे उलट्या दिशेने लावायचा. आता नको असलेल्या अर्ध्या सायकलमध्येही फीडबॅक जिवंत राहतो आणि आउटपुट पिन +०.४ व −०.४ यांच्यामध्येच फिरते. चढण ०.८ व्होल्टची उरली. उडीच्या क्षणी सिग्नलचा निम्माच भाग इनव्हर्टिंग इनपुटवर पोचतो हे धरले तरी तोटा पाव मिलिव्होल्ट-मिलिसेकंदाइतका, म्हणजे १० मिलिव्होल्टला ०.४ टक्के. ३.३ वरून ०.४ वर येणे फक्त एका डायोडने होते. लीकेज रिलेसारख्या कामाला सुपर डायोड लावणे ही माझ्या मते किंमत वाचवणे नव्हे, चूक आहे.

आपल्या सर्किटमध्ये काय चालले आहे ते पाहायचे असेल तर स्कोपचा प्रोब रेक्टिफायरच्या आउटपुटवर न लावता ऑप-अँपच्या ६ नंबर पिनवर लावावा. तिथे −१३ व्होल्टची सपाट पट्टी दिसली, तर दुसरा, म्हणजे आउटपुट अडवून धरणारा क्लँपचा डायोड नाही, उलटा आहे किंवा त्याचा सोल्डर सुटला आहे. डायोडच्या जागी १एन४००७ बसवलेली कार्डेही पाहायला मिळतात. ५० हर्ट्झला ती चालून जातात, पण ऑडिओच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला तो डायोड बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लावतो आणि शून्याजवळ उलट्या बाजूचा दात दिसू लागतो.

नावांचा गोंधळ यात भर घालतो. मराठीत ‘एकदिशकारक’ हा शब्द आहे, पण बाकावर सगळे रेक्टिफायरच म्हणतात. तिथे अडचण नाही. अडचण ‘आदर्श डायोड’ची आहे. पूर्वी हे नाव याच सर्किटला देत. आता दुकानात आयडियल डायोड मागितला तर मॉसफेटचे मॉड्यूल हातात पडते, जे दोन सप्लाय जोडताना किंवा सोलरच्या कामात वापरतात. १० मिलिव्होल्टच्या सिग्नलला त्याचा काही उपयोग नाही.

‘प्रिसिजन’ हा शब्दही अर्धाच खरा आहे. तो ड्रॉपबद्दल बोलतो, ऑफसेटबद्दल, म्हणजे इनपुट शून्य असतानाही ऑप-अँपला दिसणाऱ्या फरकाबद्दल, नाही. साध्या ७४१ चा ऑफसेट सहसा २ मिलिव्होल्ट असतो आणि ६ पर्यंत जाऊ शकतो. इनव्हर्टिंग रचनेत तो आउटपुटवर दुप्पट होतो, म्हणजे १० मिलिव्होल्टच्या सिग्नलवर ४ मिलिव्होल्टची चूक. डायोडचे टक्के मोजण्याआधी ही दुरुस्त करायला हवी. ओळखायची सोपी रीत अशी: १० आणि २० मिलिव्होल्ट असे दोन सिग्नल द्या. आउटपुट दुप्पट न होता दोन्ही वेळा सारखीच भर किंवा तूट दिसली, तर तो ऑफसेट.

उपाय म्हणून ७४१ च्या जागी ओपी०७ हा ऑप-अँप बसवतात, ज्याचा ऑफसेट १५० मायक्रोव्होल्टच्या आत असतो. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ७४१ चा ऑफसेट शून्य करण्यासाठी १ आणि ५ नंबर पिनवर लावलेला, मधला पाय निगेटिव्ह सप्लायला जोडलेला १० किलोओहमचा पॉट आधी काढावा, कारण ओपी०७ चा पॉट १ आणि ८ वर असतो आणि त्याचा मधला पाय पॉझिटिव्हला जातो. दुसरे म्हणजे ओपी०७ च्या दोन इनपुटमध्ये आतच संरक्षक डायोड आहेत. सुपर डायोडमध्ये निगेटिव्ह सिग्नल ०.७ व्होल्टच्या पुढे गेला की ते उघडतात आणि जिथे शून्य हवे तिथे उलटा सिग्नल झिरपतो. दोन डायोडच्या रचनेत इनपुटमध्ये एवढा फरक कधी पडतच नाही.

दोन्ही अर्ध्या सायकल हव्या असतील, म्हणजे फुल-वेव्हसाठी, दुसरा ऑप-अँप मूळ सिग्नल आणि हाफ-वेव्हची दुप्पट यांची बेरीज करतो. दुप्पट करण्यासाठी लागणारा ५ किलोओहम दोन १० किलोओहम समांतर जोडून मिळवावा आणि सगळे रेझिस्टर एकाच पट्टीतले १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्यावेत. जुळणी बिघडली की स्कोपवर एक आड एक कुबड उंच दिसते आणि १०० हर्ट्झच्या रिपलमध्ये ५० चा अंश शिरतो.

एलएम३५८ सारख्या सिंगल सप्लायच्या आयसींनी हा वाद थोडा बदलला, हे मान्य करायला हवे. निगेटिव्ह सप्लायच नसल्यामुळे आउटपुट −१३ वर न जाता शून्याजवळ थांबते, चढण अर्ध्या व्होल्टची राहते, आणि अशा वेळी एका डायोडचे सर्किट ७४१ च्या दोन डायोडच्या तोडीस तोड चालते. अट एकच: इनपुट −०.३ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. खऱ्या अर्थ फॉल्टला सीटी त्याच्या कितीतरी पुढे जाते, म्हणून इनपुटला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि पिनपासून ग्राउंडला शॉटकी डायोड हवा. तो नसेल तर कार्ड ३० मिलिअँपिअरला बरोबर ट्रिप होते आणि मोठ्या फॉल्टलाच गोंधळते.

गेल्या काही वर्षांत बहुतेक कामे मायक्रोकंट्रोलरकडे गेली आहेत आणि सिग्नलचे चिन्ह कोडमध्ये काढून टाकले जाते. तरी १० बिटच्या, ५ व्होल्टच्या एडीसीची, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची, एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते, म्हणजे आपला १० मिलिव्होल्टचा सिग्नल दोन पायऱ्यांत संपतो. आधी अँप्लिफायर लागतोच. आणि कोडमधला रेक्टिफायर नॉइजचेही चिन्ह काढून टाकतो, त्यामुळे गळती शून्य असताना वाचन शून्यावर येत नाही. पूर्ण २० मिलिसेकंदांच्या सायकलवर सिग्नलचा मधला बिंदू पुन्हा पुन्हा मोजून वजा केला नाही, तर ७४१ च्या ऑफसेटसारखीच चूक आकड्यांत येऊन बसते.