वाड्याचे भाडे ५० रुपये कसे राहिले: भाडे नियंत्रणाची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की नाशिक महापालिका जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. मालक डागडुजी करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही. दोघांनाही हेकट म्हणून सोडून देता येईल, पण दोघेही आपापला हिशेब अगदी बरोबर करत असतात. त्या हिशेबाचे मूळ १ सप्टेंबर १९४० या तारखेत आहे.

मुंबईत भाड्यांवर पहिला लगाम आला तो १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा आला आणि त्याला पक्के रूप मिळाले ते १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे गोठले. कायदा ठरावीक मुदतीचा होता, मुदत मात्र वाढतच गेली.

त्या वेळी हा उपाय वेडगळ नव्हता. सिमेंट, लोखंड, लाकूड युद्धाकडे वळलेले, शहरांत माणसांची रीघ. भाडे कितीही चढले तरी वर्षभरात नव्या खोल्या उभ्या राहणार नव्हत्या. भाडे बदलूनही खोल्या तेवढ्याच राहतात, म्हणजे आलेखात पुरवठ्याची रेषा अशी उभी असते, तेव्हा भाड्यावर मर्यादा घातल्याने एकही खोली कमी होत नाही, फक्त मालकाच्या खिशातले पैसे भाडेकरूच्या खिशात जातात. घोळ होतो तो पुढच्या वीस-तीस वर्षांत, कारण रेषा उभी राहत नाही.

एक कल्पित पेठ घेऊ. पुष्कळ मालक, पुष्कळ भाडेकरू, कोणा एकाच्या हाती भाडे नाही. दरमहा ५,००० रुपयांना ६०० खोल्या दिल्या-घेतल्या जातात. भाडे १,००० ने उतरले की मागणी १०० खोल्यांनी वाढते आणि पुरवठा, मालकांना हातपाय हलवायला वेळ मिळाला की, १०० खोल्यांनी घटतो. आता कायद्याने कमाल भाडे ३,००० ठरवले. मागणी ८००, पुरवठा ४००. तुटवडा ४०० खोल्यांचा. यातल्या २०० खोल्या बाजारातून गेल्या म्हणून, आणि उरलेला तुटवडा स्वस्ताईमुळे नव्याने आलेल्या २०० गिऱ्हाइकांमुळे. मर्यादा ५,००० च्या वर, समजा ६,००० ला ठेवली असती, तर काहीच घडले नसते.

आडवे खोल्या आणि उभे भाडे अशी आकृती मनात काढली, तर पाहायचे ते ४०० व्या खोलीवर. तिथे पुरवठ्याची रेषा ३,००० वर आहे आणि मागणीची ७,००० वर. म्हणजे त्या खोलीसाठी ७,००० मोजायला तयार असलेला माणूस आहे. ४०० ते ६०० या खोल्यांमध्ये घेणाऱ्याची तयारी देणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त होती, तरी व्यवहार झाले नाहीत. दोन रेषांमधल्या त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणजेच हे नुकसान:

```
½ × (7000 − 3000) × (600 − 400) = 4,00,000 रुपये दरमहा
```

हे ४ लाख कोणाच्याच पदरात पडत नाहीत. टिकलेल्या ४०० खोल्यांवर २,००० प्रमाणे मालकांकडून भाडेकरूंकडे गेलेले ८ लाख वेगळे. ते हस्तांतरण आहे, नुकसान नव्हे. या दोहोंची गल्लत फार होते. ‘मालक बुडाला’ म्हणजे समाज बुडाला असे नाही, आणि ‘भाडेकरू वाचला’ म्हणजे सगळे भाडेकरू वाचले असेही नाही.

त्रिकोणही नुकसान कमीच दाखवतो. त्यात गृहीत असे, की ४०० खोल्या सर्वात गरजू, म्हणजे ७,००० ते ११,००० द्यायला तयार असलेल्यांनाच मिळाल्या. त्यांची सरासरी तयारी ९,०००. पण भाड्याने निवड होणे थांबले की खोली मिळते ती आधी आलेल्याला, ओळखीच्याला किंवा वारसाला. आठशेतले कोणतेही ४०० निघाले असे धरले तर सरासरी तयारी ७,००० वर येते. खोलीमागे २,००० चा फरक, चारशे खोल्यांचे ८ लाख, म्हणजे त्रिकोणाच्या दुप्पट. एकूण नुकसान १२ लाख. भाडेकरूंचे आधिक्य, म्हणजे त्यांची तयारी आणि प्रत्यक्ष भाडे यांतला एकूण फरक, आधी १८ लाख होते, ते आता १६ लाख. ज्यांच्यासाठी मर्यादा घातली, त्यांचाच गट एकूण मिळून तोट्यात गेला. आत असलेले खुश, बाहेरचे मोजलेच जात नाहीत.

७,००० आणि ३,००० मधली दरमहा ४,००० ची फट कागदावर राहत नाही. तिचीच पागडी होते. वर्षाचे ४८,०००, १२ टक्के व्याजाने भागले की ४ लाख. ताबा मिळवायला माणूस एकरकमी साधारण एवढे मोजेल. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते, त्यामुळे ती रोखीत आणि बिनपावतीची चालली.

पुरवठा घटतो तो दोन वाटांनी. पहिली म्हणजे जागा भाड्याने न देणे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि मालकांनी धडा घेतला: कुलूप लावलेली जागा बरी. दुसरी वाट म्हणजे वाडा हळूहळू झिजवणे. समजा, वाड्यात आठ बिऱ्हाडे, प्रत्येकी ५० रुपये. वर्षाचे ४,८०० होतात. कडीपाटाची वाळवीने पोखरलेली एक तुळई बदलायची तर एवढ्यात सागही येणार नाही. मग माळवदावर पत्रे चढतात, पन्हाळीचे पाणी मातीच्या भिंतीत मुरते, भिंत फुगते. भाडे कागदावर तेवढेच, पण त्या पैशात मिळणारे घर दरवर्षी कमी. मुंबई शहरात दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ तरी उभे राहिले. नाशिकच्या वाड्यांना तोही आधार नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मुदत संपत आली असल्याने त्या रद्द केल्या नाहीत, नवा कायदा करायला सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, मोठ्या कंपन्या आणि बँकांना संरक्षणातून वगळले, आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहती जागा परत मिळण्याचा सोपा मार्ग दिला. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरचा फ्लॅट आज अकरा महिन्यांच्या करारावर बाजारभावाने मिळतो तो त्यामुळे.

जुन्या भाडेकरूंचा पाया मात्र हलला नाही. १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे अधिक ५ टक्के हे नवे प्रमाण भाडे, आणि त्यावर वर्षाला ४ टक्के वाढ. २००० साली ५० रुपये असलेले भाडे, वाढ चक्रवाढीने धरली तरी, २०२५ मध्ये १३३ रुपये होते. बाजाराशी गाठ पडायची तर पायाच बदलायला हवा होता. टक्केवारीला लहान आकडा मोठा करायला पिढ्या लागतात.

म्हणून नोटीस लागूनही बिऱ्हाड हलत नाही. पागडीच्या हिशेबातला ४ लाखांचा तो हक्क, जागा भाडेकरूच्या ताब्यात आहे तोवरच त्याचा आहे. पुनर्बांधणीत नव्या इमारतीत जागा मिळेल असा लेखी करार हातात येण्याआधी सामान बाहेर काढले, तर पुढे कोर्टात आपण भाडेकरू होतो हेच सिद्ध करत बसावे लागेल, ही त्याची धास्ती. आणि मालकाला वाटते, वाडा आपोआप पडला तर वाटाघाटीत आपले पारडे जड. मधे भिंत फुगत राहते.