बुटकेपण, लुकडेपण आणि सेंटिमीटरची तूट: खान्देशातील पार्श्वभूमी

खान्देशात ‘कुपोषण’ म्हटले की नंदुरबार आणि नंदुरबार म्हटले की अक्कलकुवा-धडगाव, हे समीकरण बातम्यांनी पक्के केले आहे. त्या बातम्यांमधले मूल हाडांचा सापळा झालेले असते. बुटके मूल त्यात दिसत नाही. ते खेळते, भाकरी खाते, आणि ‘बापावर गेलाय’ म्हणून विषय संपतो. उंचीला हिशेबात जागा इतक्या उशिरा का मिळाली, हे समजायला छप्पन्याच्या दुष्काळापर्यंत मागे जायची गरज नाही. त्या काळी मृत्यू मोजले जात, मुलांची उंची नाही. 1972 च्या दुष्काळातही मिलो आणि सुकडी वाटली गेली ती पोट भरण्यासाठी.

त्याच वर्षी देशात कुपोषणाच्या चार श्रेणी ठरल्या. अपेक्षित वजनाच्या 80 टक्क्यांहून जास्त वजन असलेले मूल साधारण, त्याखाली दर 10 टक्क्यांना एक श्रेणी आणि 50 टक्क्यांच्या खाली चौथी. ‘श्रेणी तीन-चारची मुले’ हा शब्दप्रयोग तिथून आला. अंगणवाडीला वजनकाटा मिळाला, पण उंची मोजायची पट्टी नव्हती. वजनात मात्र दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. लुकडेपण ही गेल्या काही आठवड्यांची भूक आणि आजार. बुटकेपण ही महिनोन् महिन्यांची तूट. दोन्ही मुलांचे वजन कमीच भरते. लुकडे मूल दोन महिन्यांत भरून येते, बुटक्याचे तसे नाही.

त्याच दशकात दुसरा वाद रंगला: कमतरता प्रथिनांची की उष्मांकांची? आधी सगळे प्रथिनांमागे होते. मग आकडेमोड झाली की पोटभर धान्य मिळाले तर प्रथिने आपोआप पुरतात. यातला अर्धा भाग खरा आहे. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते आणि यकृत वाढीचा संदेश देणारे रसायन कमी सोडते. मग हाडांच्या टोकाला असलेली कूर्चेची वाढपट्टी मंदावते. उरलेला अर्धा भाग ज्वारीपुरता तरी चुकीचा होता. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन इतके कमी असते की लहान मुलाला लागणाऱ्या प्रमाणाच्या निम्मेही भरत नाही, आणि आवश्यक अमिनो आम्लांपैकी एक जरी कमी पडले तरी वाढपट्टी हात आखडता घेते. ज्वारीत उडीद घालून दळलेली आपली कळण्याची भाकरी ही कमतरता भरून काढते, कारण उडदात लायसीन भरपूर असते. सातपुड्यात मात्र अनेक घरी नुसती मका किंवा ज्वारी असते आणि डाळ पातळ.

वर्षभराच्या मुलाचा हिशेब करून बघा. त्याचे वजन आठ किलो धरले तर एका वेळी पोटात साधारण 240 मिलिलिटर मावते. दहा ग्रॅम पिठाला 100 मिलिलिटर पाणी अशा पातळ पेजेतून 100 मिलिलिटरला 35 उष्मांक मिळतात. तीन वेळा पोट गच्च भरले तरी हाती लागतात अडीचशे, आणि अंगावरच्या दुधाशिवाय त्याला हवेत सुमारे साडेपाचशे. पोट भरते म्हणून मूल रडत नाही, आणि आईला वाटते झाले जेवण. त्याच पेजेत दर खेपेला दोन चमचे गोडेतेल घातले तर दिवसाला 270 उष्मांक वाढतात. प्रथिने मात्र तेलाने वाढत नाहीत. त्यासाठी डाळ घट्ट हवी किंवा अंडे.

जस्त कमी पडले तरी उंची खुंटते, हा धागा 1960 च्या दशकात इराण आणि इजिप्तमधून आला. तिथली बुटकी, उशिरा वयात येणारी मुले जवळजवळ नुसत्या रोटीवर जगत होती. धान्यातले फायटेट जस्ताला धरून ठेवते आणि ते आतड्यातून तसेच बाहेर जाते. पीठ आंबवले की फायटेट कमी होते, म्हणून आंबील नुसत्या पेजेपेक्षा बरी. जुलाबात जस्त आणखी निघून जाते. त्यासाठी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅमची गोळी 14 दिवस देतात. बहुतेक घरी ती जुलाब थांबताच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद होते. तरी जस्ताला जादू समजू नये. रोज 10 मिलिग्रॅम 24 आठवडे दिल्याच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब निघाला तो सरासरी 0.37 सेंटिमीटर जादा उंचीचा.

आता खरा गुंता. 2006 साली जागतिक वाढमानक आले आणि दोन वर्षांत आपल्याकडे लागू झाले. ‘आपली मुले मुळातच बुटकी, हे माप परक्यांचे’ हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. त्या मानकासाठी सहा देशांतली सुस्थितीतली मुले मोजली होती आणि त्यात दिल्लीची मुले होती. ती इतरांपेक्षा फारशी वेगळी वाढली नाहीत. आमच्या मते हा आक्षेप त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांपुरता तरी फार टिकत नाही. खरी अडचण माप कसे वाचायचे यात आहे.

उदाहरण म्हणून धडगावकडचा एक मुलगा घेऊ. आई-बाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेले तेव्हा तो आठ महिन्यांचा. परतल्यावर दोनदा जुलाब. दोन वर्षांचा झाला तेव्हा उभे राहून उंची भरली 78 सेंटिमीटर. मानकाचा मध्य 87.1. एकाच वयाच्या मुलांमुलांत सहसा पडणारा फरक हे एक एकक धरून तूट मोजतात. तूट 9.1, म्हणजे बरोबर ‘उणे तीन’ एकके, तीव्र बुटकेपणाची सीमा. मग आहार सुधारला. पाच वर्षांचा झाला तेव्हा उंची 99.5. आता मध्य 110, आणि आकडा येतो ‘उणे 2.3’. नोंदवहीत तो तीव्रमधून मध्यम झाला आणि ‘भरपाईची वाढ’ असा शेरा पडला. पण तूट 9.1 वरून 10.5 सेंटिमीटर झाली आहे. हे कसे? वयाबरोबर मुलांमुलांतला फरकच वाढतो. दोन वर्षांच्या वयात एक एकक सुमारे 3 सेंटिमीटरचे, पाचव्या वर्षी साडेचारहून थोडे मोठे. मोठ्या भागाने भागल्यावर भागाकार लहान दिसतो. अंतर मात्र मिटत नाही.

प्रौढपणीच्या उंचीसाठी सेंटिमीटरच कामाचे. पाच देशांतल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला, त्यात भारतही होता. दुसऱ्या वर्षीचे एक एकक मोठेपणी साधारण 3 सेंटिमीटरला पडते असे दिसले. तीन एककांची तूट म्हणजे नऊ-दहा सेंटिमीटर. जन्मानंतर पहिल्या वर्षी मूल सुमारे 25 सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी 12, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत वर्षाला सरासरी सात-आठ. वेग सर्वांत जास्त असताना जे हुकते ते नंतरच्या मंद वेगात सहसा भरत नाही. वयात येणे लांबले तर वाढपट्ट्या थोड्या उशिरा बंद होतात आणि काही उंची मिळते. कमी वयात लग्न होऊन बाळंत झालेल्या मुलीच्या वाट्याला तेही येत नाही.

मोजमापातली एक चूक इथे सगळे उलटेपालटे करते. दोन वर्षांखालचे मूल फळीवर झोपवून मोजायचे असते: एकाने डोके स्थिर फळीला टेकवायचे, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळव्याला सरकती फळी लावायची. दोन वर्षांपासून पुढे उभे करून. झोपून माप सुमारे 0.7 सेंटिमीटर जास्त येते. वरचाच मुलगा झोपवून 78.7 भरला आणि सेविकेने तो उभ्याच्या तक्त्यात लिहिला, तर उणे तीनऐवजी ‘उणे 2.75’ निघते, आणि तीव्रच्या यादीत त्याचे नावच येत नाही.