प्याद्यांची शर्यत (बुद्धिबळ)

बुद्धिबळाच्या डावाच्या शेवटी दोन्ही बाजूंकडे राजा आणि एकेक मोकळे प्यादे उरते, कोणताही राजा समोरच्याचे प्यादे गाठू शकत नाही, आणि दोघेही आपले प्यादे शेवटच्या घरात नेऊन त्याचा वजीर करण्यासाठी धावतात, तेव्हा त्या स्थितीला प्याद्यांची शर्यत म्हणतात. शर्यतीचा निकाल आधी कळण्यासाठी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. कोणाचे प्यादे किती खेळ्यांत वजीर होते, ही पहिली; आणि नवा वजीर ज्या घरात उभा राहील तेथून समोरच्या राजाला शह बसतो का, ही दुसरी. पहिली गोष्ट बहुतेक खेळाडू तपासतात. डाव हातचा जातो तो सहसा दुसरीमुळे.

मोजणी सोपी आहे. प्यादे उभे असलेले घर सोडून पुढची घरे, वजीर होण्याचे घर धरून, मोजायची. ओळी पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ मोजतात; पांढरे प्यादे पाचव्या ओळीत असेल तर सहा, सात, आठ अशा तीन खेळ्या होतात. काळ्याचे प्यादे चौथ्या ओळीत असेल तर तीन, दोन, एक अशा तीनच. मूळ घरातून न हललेल्या प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाता येत असल्याने सहाऐवजी पाच खेळ्या धराव्यात. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, त्यामुळे कोल्हापुरात ज्या मुलांनी घरी आजोबांकडून खेळ शिकला, त्यांच्यातली काही या प्याद्यासाठी अजून सहा मोजतात आणि शर्यत हरलीच असे समजून राजा मागे घेतात.

दोघांच्या खेळ्या समान असतील तर ज्याची पाळी आहे त्याचा वजीर आधी होतो आणि दुसऱ्याचा लगेच पुढच्या खेळीला. म्हणजे समान मोजणीत सहसा दोघांनाही वजीर मिळतो, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो: दोन वजीर पटावर आल्यावर पहिला शह कोणाचा?

पुढील स्थिती पटावर मांडून पाहावी. घराच्या नावातले अक्षर पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी उभी पट्टी दाखवते आणि अंक आडवी ओळ. पांढऱ्याचा राजा जी२ वर आणि प्यादे एच५ वर आहे. काळ्याचा राजा सी३ वर आणि प्यादे ए४ वर आहे. पाळी काळ्याची आहे. दोन्ही प्याद्यांना तीन-तीन खेळ्या लागतात आणि कोणत्याही राजाला समोरचे प्यादे गाठता येत नाही, हे आधी पडताळावे. मोजणीनुसार काळा पुढे आहे. शिवाय ए१ आणि एच८ ही घरे एकाच तिरक्या पट्टीची दोन टोके आहेत, म्हणून ए१ वर आधी आलेला वजीर एच८ वर पहारा ठेवील आणि पांढऱ्याचे प्यादे वजीर होताच मारले जाईल, असे वाटते. कोल्हापुरातील शाळकरी मुलांपुढे ही स्थिती ठेवल्यावर प्रस्तुत नोंदलेखकाला बहुतेक वेळा हेच उत्तर मिळाले आहे, आणि तेही फार पटकन.

आता खेळ्या करून पाहू. काळा ए३, पांढरा एच६. काळा ए२, पांढरा एच७. काळा ए१ वर वजीर करतो. पण काळ्याचा स्वतःचा राजा सी३ वर, म्हणजे त्याच तिरक्या पट्टीत उभा आहे. त्यामुळे ए१ वरच्या वजिराची नजर सी३ पलीकडे पोहोचत नाही आणि एच८ चा पहारा मुळात नसतोच. पांढरा एच८ वर वजीर करतो आणि सी३ वरच्या राजाला शह बसतो. काळ्याला मध्ये मोहरे घालता येत नाही, कारण डी४, ई५, एफ६ आणि जी७ यांपैकी कोणत्याही घरात त्याचा वजीर एका खेळीत जाऊ शकत नाही. बी२ आणि डी४ ही घरे त्याच पट्टीत असल्याने राजाला तेथेही जाता येत नाही. राजा बाजूला होतो, त्याच्यामागे उभा असलेला वजीर उघडा पडतो, आणि पांढरा ए१ वरचा वजीर फुकट मारतो. मोजणीत पुढे असलेला काळा असा हरतो.

हे टाळण्याची वेळ वजीर करण्याच्या एक खेळी आधी येते. प्यादे ए२ वर आणि पांढऱ्याचे एच७ वर असताना काळ्याने वजीर न करता राजा बी२ वर न्यावा. पांढरा एच८ वर वजीर करून शह देतो, राजा बी१ वर जातो, आणि प्याद्याला एका घराच्या अंतरावर वजिरी असते. वजीर विरुद्ध वजीर होण्यास एकच घर उरलेले कडेचे प्यादे, त्याला बिलगलेला राजा आणि समोरचा राजा लांब, ही स्थिती बरोबरीची आहे. पांढरा शह देत राजाला ए१ च्या कोपऱ्यात ढकलू शकतो. पण तेथे काळ्याला शह नसताना एकही खेळी उरत नाही आणि नियमाने डाव बरोबरीत सुटतो, म्हणून पांढऱ्याला वजीर मागे घ्यावा लागतो. स्वतःचा राजा जवळ आणायला त्याला मोकळी खेळी कधीच मिळत नाही. जिंकायचा वाटणारा डाव बरोबरीत सोडवणे येथे काळ्याचे उत्तम खेळणे आहे.

याच मांडणीत पाळी पांढऱ्याची असती तर शहाचे मोल आणखी वाढते. एच६, ए३, एच७, ए२, आणि एच८ वर वजीर होताच सी३ वरच्या राजाला शह. काळ्याला ही खेळी शह चुकवण्यात घालवावी लागते, बी२ बंद असल्याने राजा बी१ च्या आसऱ्याला पोहोचत नाही, आणि पुढच्या खेळीला पांढरा वजीर थेट ए१ वर, प्याद्याच्या वाटेत, नेऊन ठेवतो. त्यानंतर पांढऱ्याचा राजा सावकाश चालत आला तरी डाव जिंकतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी वजीर होण्याच्या घरातून उभी पट्टी, आडवी ओळ आणि तिरक्या पट्ट्या डोळ्यांनी धरून पाहाव्यात, आणि समोरचा राजा शर्यत संपताना त्यांपैकी कशावर असेल हे ठरवावे. आता कुठे आहे ते येथे पुरेसे नाही, कारण शर्यतीच्या मध्ये राजा हलवला तर घरही बदलते आणि एक खेळीही खर्च होते. नंतर हाच प्रश्न समोरच्याच्या वजिराबद्दल आणि आपल्या राजाबद्दल विचारावा. मुले नेमकी ही दुसरी बाजू विसरतात. स्पर्धेत पटावर बोट टेकवून मोजण्याची सवय घातक आहे, कारण मोहऱ्याला हात लागला तर स्पर्शाच्या नियमाने तेच खेळणे भाग पडू शकते.

कोपऱ्याचा हा आसरा प्रत्येक प्याद्याला मिळत नाही. ए आणि एच पट्टीप्रमाणे सी आणि एफ पट्टीतल्या प्याद्यालाही राजा लांब असताना तशीच बरोबरी साधता येते. पण बी, डी, ई किंवा जी पट्टीत वजीर शह देत राजाला प्याद्यासमोरच्या घरात जायला लावतो, वाट त्याच्याच राजाने अडवली जाते, आणि त्या एका मोकळ्या खेळीत जिंकणारा आपला राजा एक घर जवळ आणतो.