अक्षांश-रेखांशांची अदलाबदल

नकाशांच्या संगणकप्रणालीत एखाद्या ठिकाणाचे दोन्ही आकडे अचूक असूनही ते उलट क्रमाने लिहिले किंवा वाचले गेले, तर त्या चुकीला अक्षांश-रेखांशांची अदलाबदल म्हणतात. ही चूक ठिकाणाला कुठेही भरकटवत नाही, ठरलेल्या जागीच नेते. अक्षांश आणि रेखांश समान असणाऱ्या बिंदूंची रेषा गिनीच्या आखातातील शून्य-शून्य बिंदूपासून ईशान्येकडे नायजेरिया, चाड, इजिप्त असे करत कॅस्पियन समुद्राच्या दिशेने जाते. अदलाबदल झालेला प्रत्येक बिंदू या रेषेत प्रतिबिंबित होतो. चूक पटकन ओळखण्याच्या बहुतेक युक्त्या या एका गोष्टीतून निघतात, आणि चूक कधी लपून राहते हेही तिच्यावरूनच कळते.

दोन सवयी, दोन क्रम

बोलताना आणि लिहिताना अक्षांश आधी येतो. नौकानयनात आणि भूगोलात हीच रीत आहे. निर्देशांक कसे लिहावेत हे सांगणारे आयएसओ ६७०९ हे मानकही अक्षांशच पुढे ठेवते. गणितात मात्र आधी आडवा अक्ष, मग उभा. नकाशावर आडवे अंतर रेखांश दाखवतो, म्हणून `x, y` असे मांडले की रेखांश आपोआप पहिला येतो. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रणाली लिहिणाऱ्यांपैकी काहींनी भूगोलाची वाट धरली, काहींनी भूमितीची, आणि एकाच प्रकल्पात दोन्ही गटांची साधने वापरावी लागतात, तिथे घोटाळा होतो.

कैरो शहराच्या मध्यभागाचा अक्षांश ३०.०४४४ उत्तर आणि रेखांश ३१.२३५७ पूर्व आहे. हाच बिंदू तीन ठिकाणी असा लिहावा लागतो:

```
L.marker([30.0444, 31.2357])
{"type": "Point", "coordinates": [31.2357, 30.0444]}
ST_MakePoint(31.2357, 30.0444)
```

पहिली ओळ लीफलेट या नकाशा-लायब्ररीची, दुसरी जिओजेसन या फाइल-स्वरूपाची, तिसरी पोस्टजीआयएस या डेटाबेस-विस्ताराची. गूगल मॅप्स लीफलेटसारखे अक्षांश आधी घेते. केएमएल, मॅपबॉक्स आणि ओपनलेयर्स रेखांश आधी घेतात. इलॅस्टिकसर्च ही शोधप्रणाली तर एकाच फील्डसाठी दोन क्रम मानते: निर्देशांक `"30.0444,31.2357"` असे मजकूर म्हणून दिले तर पहिला अक्षांश, आणि `[31.2357, 30.0444]` अशी यादी दिली तर पहिला रेखांश. यामागे तर्क आहे, पण तो लक्षात ठेवून काम करण्याची अपेक्षा कुणाकडूनही ठेवणे कठीण आहे.

या गुंत्याला मानकांनी आणखी एक पदर जोडला. `EPSG:4326` या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या निर्देशांकप्रणालीच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश पहिला अक्ष आहे. अनेक प्रणाली वर्षानुवर्षे ती व्याख्या बाजूला ठेवून रेखांश आधी घेत होत्या. निर्देशांकांचे रूपांतर करणाऱ्या लायब्ररींच्या २०१९ मध्ये आलेल्या प्रोज ६ आणि जीडीएएल ३ या आवृत्त्यांनी अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली, आणि तोवर नीट चालणाऱ्या कोडमधले निर्देशांक एकाही अक्षराचा बदल न करता उलटे होऊ शकले. मायएसक्यूएल ८.० मध्येही `4326` हा क्रमांक दिला की मजकुरातील बिंदू अक्षांश-आधी असाच वाचला जातो. पोस्टजीआयएस तोच मजकूर रेखांश-आधी वाचते. म्हणून एखादी जुनी, विश्वासाची प्रक्रिया अचानक उलटे नकाशे देऊ लागली, तर आपल्या कोडच्या आधी वापरलेल्या लायब्ररीची आवृत्ती पाहावी.

ओरडणारी चूक आणि गप्प चूक

अक्षांश उणे ९० ते ९० या मर्यादेतच असतो, रेखांश उणे १८० ते १८० पर्यंत जातो. टोकियोचा रेखांश सुमारे १३९.७ आहे. तो अक्षांशाच्या जागी गेला की तसा अक्षांश पृथ्वीवर नाहीच, त्यामुळे शहाणी प्रणाली तिथेच थांबते. मॅपबॉक्स `Invalid LngLat latitude value: must be between -90 and 90` असा संदेश देते. हा संदेश दिसला की दुसरे काही शोधण्याआधी क्रम तपासावा. सगळ्या प्रणाली इतक्या कडक नसतात. पोस्टजीआयएसचा `geography` प्रकार असा आकडा नाकारत नाही, मर्यादेत ओढून बसवतो आणि फक्त `Coordinate values were coerced into range` अशी सूचना देतो. सूचना वाचली नाही तर बिंदू भलत्याच जागी जतन होतो.

रेखांश उणे ९० आणि ९० च्या दरम्यान असेल तर मर्यादेची तपासणी काहीच पकडत नाही. संपूर्ण आफ्रिका, जवळजवळ सगळा युरोप, पश्चिम आशिया आणि अमेरिकेचा मोठा पूर्व भाग या पट्ट्यात येतो. तरीही बहुतेक वेळा नकाशाकडे एक नजर टाकणे पुरते. लंडन सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात पडते, बर्लिन सोकोत्रा बेटाजवळच्या समुद्रात, वॉर्सा अरबस्तानच्या रुब अल खाली वाळवंटात. शहरातली दुकाने समुद्रात तरंगताना दिसली की कुणालाही शंका येते.

खरी अडचण मघाच्या आरसा-रेषेच्या जवळ येते. तिथे प्रतिबिंब मूळ जागेच्या शेजारीच पडते. कैरोचे आकडे उलटे केले तर ३१.२३५७ उत्तर, ३०.०४४४ पूर्व हा बिंदू मिळतो, आणि तो अलेक्झांड्रियाच्या पूर्व भागाजवळ जमिनीवर पडतो. उलट अलेक्झांड्रिया (३१.२०, २९.९२) कैरोच्या दक्षिणेला, सक्काराच्या आसपास जाते. देशातली दोन सर्वांत मोठी शहरे जवळपास जागा बदलतात. कुठलाही आकडा मर्यादेबाहेर जात नाही, बिंदू देशाबाहेर पडत नाहीत, समुद्रातही जात नाहीत. नकाशा अजिबात संशयास्पद दिसत नाही. नायजेरियाची स्थिती याहून अवघड आहे. तो देश अक्षांश ४ ते १४ आणि रेखांश साधारण ३ ते १५ या जवळपास चौकोनी हद्दीत बसतो, त्यामुळे 'बिंदू देशाच्या चौकटीत आहे का' ही नेहमीची तपासणी तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. अबुजाचे (९.०६, ७.४९) आकडे उलटे केले तर बिंदू मकुर्डीच्या पूर्वेला, म्हणजे नायजेरियातच, सुमारे २४५ किलोमीटरवर पडतो.

इजिप्तचा संच तपासताना

समजा, इजिप्तमधल्या काही हजार ठिकाणांचा तक्ता हाती आला आहे आणि त्यातली बहुसंख्य ठिकाणे कैरो-अलेक्झांड्रियाची आहेत. चार-दोन बिंदू उघडून पाहिले तर फसगत होईल. सरासरीही फसवते, कारण दोन्ही स्तंभांची सरासरी तिशीच्या आसपासच येते. इथे टोकाचे आकडे उपयोगी पडतात:

```
SELECT min(ST_X(geom)), max(ST_X(geom)),
       min(ST_Y(geom)), max(ST_Y(geom))
FROM places;
```

इजिप्तची मुख्य भूमी अक्षांश २२ ते साधारण ३१.७ आणि रेखांश साधारण २५ ते ३७ यांत येते. म्हणून `ST_Y` चा कमाल आकडा ३२ च्या वर गेला तर अदलाबदल झाली आहे, किंवा निदान काही ओळींत तरी झाली आहे. हे काम मध्यवर्ती शहरे करत नाहीत, कडेची ठिकाणे करतात. सुएझ (२९.९७, ३२.५५), लक्सर (२५.६९, ३२.६४) आणि अस्वान (२४.०९, ३२.९०) ही तिन्ही उलटी झाली की भूमध्य समुद्रात जातात, अस्वान तर थेट लिबियातील टोब्रुकच्या उत्तरेला पोचते. त्यामुळे तपासणीसाठी ओळखीचे ठिकाण निवडताना राजधानीच्या मागे लागू नये. ज्याच्या अक्षांश-रेखांशात शक्य तेवढा मोठा फरक आहे ते घ्यावे.

बिंदूंऐवजी रेषा किंवा सीमा असतील तर आकार पाहणे सर्वांत जलद. दक्षिणोत्तर वाहणारी नाईल उलट्या संचात पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्रावरून जाताना दिसते. अशा नकाशाला लोक 'नव्वद अंशांत फिरलेला' म्हणतात, पण ते पूर्ण खरे नाही. फिरलेल्या आकारात डावे वळण डावेच राहते, इथे ते उजवे होते, कारण हे प्रतिबिंब आहे. नकाशा फिरवून तो सरळ होत नाही, हीच खूण. बंद सीमांमध्ये याचा एक मोजता येण्याजोगा पुरावाही मिळतो. २०१६ च्या आरएफसी ७९४६ नुसार जिओजेसनमधली बाह्य सीमा घड्याळाच्या उलट दिशेने लिहिलेली असते. अदलाबदल झाली की ती घड्याळाच्या दिशेने होते आणि चिन्हासह काढलेल्या क्षेत्रफळाचे चिन्ह उलटते. मात्र हा नियम न पाळणाऱ्या फायली भरपूर असल्याने एवढ्यावरच निकाल देऊ नये.

नकाशाच नसतो तेव्हा

काही कामांत बिंदू कधी काढलेच जात नाहीत, फक्त अंतर मोजले जाते. तिथे चूक आणखी चिवट. विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांशाचा एक अंश लहान होत जातो. ६० अंश अक्षांशावर तो साधारण निम्मा, म्हणजे ५६ किलोमीटरच्या आसपास उरतो, तर अक्षांशाचा अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरच असतो. ऑस्लो ते स्टॉकहोम सरळ अंतर सुमारे ४१६ किलोमीटर आहे. आकडे उलटे देऊन तेच सूत्र चालवले तर ८१६ च्या आसपास उत्तर येते. हेलसिंकी ते टाल्लिन मात्र ८२ ऐवजी ७७ किलोमीटर दाखवते, आणि एवढा फरक कुणाच्याही नजरेतून सहज सुटतो. पूर्व-पश्चिम जोडी चूक उघड करते, दक्षिणोत्तर जोडी ती झाकते. अंतराचे सूत्र तपासायचे तर उत्तरेकडची, साधारण एकाच अक्षांशावरची दोन शहरे घ्यावीत.

दुरुस्ती

पूर्ण संच उलटा असेल तर पोस्टजीआयएसमध्ये `ST_FlipCoordinates(geom)` पुरते. पायथनमध्ये पायप्रोज वापरताना रूपांतरक तयार करतानाच क्रम बांधून टाकता येतो:

```
Transformer.from_crs(4326, 3857, always_xy=True)
```

यामुळे आत-बाहेर दोन्हीकडे रेखांश आधी राहतो. पण फिरवण्याआधी चूक कुठे झाली ते शोधणे गरजेचे आहे. एका टप्प्यात अदलाबदल आणि पुढच्या टप्प्यात पुन्हा अदलाबदल, अशा जोडीने बरोबर नकाशा देणाऱ्या प्रक्रिया बऱ्याच आढळतात. त्यातली एक 'दुरुस्त' केली की सगळे बिघडते. दुसरा धोका मिश्र तक्त्यांचा: दोन स्रोतांतून भरलेल्या तक्त्यात निम्म्या ओळी सरळ, निम्म्या उलट्या असू शकतात, आणि सरसकट फिरवले तर चूक फक्त दुसऱ्या निम्म्याकडे जाते. अशा वेळी स्रोतानुसार गट करून वरची टोकाची तपासणी प्रत्येक गटावर वेगळी चालवावी लागते. कैरोसारख्या ठिकाणी एकट्या ओळीवरून निर्णय देणे शक्य नसते. तिथे पत्त्यातले शहराचे नाव किंवा पिनकोडसारखी दुसरी माहिती जुळवून पाहावी लागते.