४२२००१ कुठलं?

पत्त्याच्या शेवटी ४२२००१ दिसलं की नाशिककर पुढचं वाचतही नाही, आपल्याच गावचं म्हणून मोकळा होतो. पण चीनच्या हुनान प्रांतातल्या शाओयांग शहराचा कोड ४२२००० आहे आणि रशियात तातारस्तानमधल्या आर्स्क गावाचाही ४२२०००च. सिंगापूरमध्ये ४२ने सुरू होणारे सहा अंकी कोड कटोंग-जू चिआट या भागातले असतात. द्राक्षं किंवा कांदा परदेशी पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत असे पत्ते शेजारी-शेजारी येतात. देशाचा रकाना रिकामा राहिला, तर नुसत्या सहा अंकांवरून माल कुठे जायचा ते कळत नाही.

हे असं का झालं, ते पिनकोडच्या जन्मातच दिसतं. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते, संस्कृतचे पंडितही. देशात एकाच नावाची गावं ढिगाने (आपल्याकडेच पिंपळगावं किती!) आणि पत्ते लिहिले जायचे निरनिराळ्या भाषांत, लिप्यांत. त्यावर उपाय म्हणून वेलणकरांनी मांडलेली पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. पहिला अंक विभागाचा; आठ विभाग भौगोलिक, नववा लष्करी टपालाचा. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो, म्हणून ४२१ कल्याणकडे, ४२२ नाशिक, ४२३ मालेगाव-मनमाड, ४२४ धुळे, ४२५ जळगाव. उरलेले तीन अंक टपाल कार्यालयाचे. या रचनेत भारत कुठेच लिहिलेला नाही, कारण पत्र देशातलंच आहे हे धरूनच ती आखली होती.

सोव्हिएत संघानेही सहाच अंक घेतले आणि आजच्या रशियात त्यांची फोड आपल्यासारखीच आहे: तीन प्रदेशाचे, तीन कार्यालयाचे. चीनमध्ये मात्र पहिले दोन अंक प्रांताचे, तिसरा टपाल विभागाचा, चौथा तालुक्याच्या पातळीचा आणि शेवटचे दोन वाटपाच्या जागेचे. सिंगापूर १९९५मध्ये चारवरून सहा अंकांवर आलं आणि तिथे जवळजवळ प्रत्येक इमारतीला स्वतःचा कोड आहे. प्रत्येकाने आपली सोय पाहिली. आकडे देशादेशांत वाटून घ्यायला हवेत, हे तेव्हा कुणाच्या कामाचंच नव्हतं.

एकाच देशात असा पेच पडला तो जर्मनीत. फाळणीच्या काळात दोन्ही जर्मनींनी आपापले चार अंकी कोड ठरवले होते. १९९०मध्ये देश एक झाला आणि ५३०० हा आकडा बॉनचाही निघाला, वायमारचाही. मग पश्चिमेकडच्या कोडआधी W आणि पूर्वेकडच्या कोडआधी O लावून वेळ मारून नेली आणि १ जुलै १९९३पासून सगळ्या देशाला नवे पाच अंकी कोड दिले.

जगासाठी तसं करणं शक्य नाही, पण अंकांतून थोडाफार अंदाज बांधता येतो. भारताचा पिन शून्याने सुरू होत नाही. चीन, सिंगापूर आणि रुमानियाचे काही कोड होतात. रशियाचे कोड १ ते ६ने सुरू होतात, म्हणून ७ किंवा ८ने सुरू होणारा कोड रशियाचा नाही. आपल्याकडे ३५ने सुरू होणारा पिनच नाही, म्हणजे ३५०००० भारतातलं नाही हे नक्की. तरी ते रशियाचं क्रास्नोदार की चीनचं फुजो, हा प्रश्न उरतोच. म्हणजे या खुणांनी एखादा देश बाद करता येतो, पण उरलेल्यांतून एक निवडता येत नाही. ४२२०००च्या बाबतीत तर बादही करता येत नाही.

कागदी पाकिटावर डोळ्यांना जास्त कळतं. रशियन पाकिटावर खाली डावीकडे ठिपक्यांच्या चौकटी असतात आणि त्यांत कोनदार वळणाचे अंक भरायचे असतात, यंत्राला वाचता यावेत म्हणून. चिनी पाकिटावर घेणाऱ्याचा कोड वर डावीकडे सहा चौकोनांत असतो. आपण तीन अंकांनंतर जागा सोडून ४२२ ००१ असं लिहितो. हेच पत्ते संगणकावर टाइप केले की या खुणा जातात.

शिवाय संगणकावरच्या तक्त्यात कोड भरताना आणखी एक घोटाळा होतो. होहोट या चिनी शहराचा ०१००१० हा कोड संख्या म्हणून भरला, की पुढचा शून्य गळून १००१० उरतं आणि तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा अगदी खरा कोड आहे. पाच अंकी रकाना तो बिनतक्रार स्वीकारतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. म्हणून कोडचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवावा आणि देशाचा रकाना कोडच्या आधी, सक्तीचा असावा. पाकिटावरही देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहायचा आंतरराष्ट्रीय टपालाचा रिवाज आहे, कारण परदेशी टपालाची पहिली वर्गवारी देशावरूनच होते. कोड पाहिला जातो तो पत्र त्या देशात पोचल्यावर.