पांढऱ्या कुत्र्याच्या केसांतला हिरवा रंग: कटआउटच्या कडेबद्दल थोडी माहिती

एका ग्राहकांनी त्यांच्या पांढऱ्या पॉमेरेनियनचा हिरवळीवरचा फोटो दिला. १२ बाय १८ इंचाच्या फ्रेमसाठी त्यांना मागे गडद मरून रंग हवा होता. नुसतं बॅकग्राउंड बदलायला इतका वेळ का लागतो, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

बाहेर आलेला एकेक केस फोटोतल्या एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा केसाचा पांढरा आणि थोडा गवताचा हिरवा असे दोन्ही रंग मिसळलेले असतात. तो पिक्सेल पूर्ण ठेवला तर हिरवट किनार दिसते, पूर्ण काढला तर कुत्रा कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

फोटोशॉपमधलं Feather सगळी कड सारखीच मऊ करतं. गळ्यातला पट्टा, माणसाचा खांदा, शर्टाची बाही अशा सरळ कडांना आम्ही ते अर्धा ते एक पिक्सेल देतो. केसांसाठी मात्र ते चालत नाही. या फोटोवर ५ पिक्सेल देऊन पाहिलं, तर केस वेगवेगळे दिसण्याऐवजी सगळ्या अंगाभोवती हिरवट धुकं पसरलं.

म्हणून निवड करताना आम्ही कुत्र्याच्या भरीव अंगापर्यंतच थांबलो. मग Select and Mask मध्ये Refine Edge Brush फक्त केसाळ कडेवरून फिरवला. कुठे केस आहे आणि कुठे गवत, हे तो त्या कडेच्या भागातल्या रंगांच्या फरकावरून ठरवतो आणि पिक्सेल अर्धवट पारदर्शक करतो. हाच ब्रश गळ्यातल्या पट्ट्यावरून फिरवला असता तर पट्टाच अर्धवट पारदर्शक झाला असता.

तरी केसांत हिरवा रंग उरला होताच, कारण पारदर्शकता बदलली तरी पिक्सेलचा रंग बदलत नाही. Decontaminate Colors कडेच्या पिक्सेलना आतल्या अंगाचा रंग देतं. ते जास्त झालं की केस पुसट, चोपडलेले दिसतात, म्हणून थोडं वापरून उरलेली हिरवट झाक आम्ही हाताने काढली. Shift Edge उणे करून किनार आत ओढता येते, पण मिशा आणि कानांवरचे केस सगळ्यात आधी जातात. तपासणी शेवटी मरून रंगावरच केली. पांढऱ्यावर ही किनार डोळ्यांना सहज दिसत नाही.

पोटाखालचे केस गवतात गुंतलेले होते. तिथे फोटोत केसांची माहितीच नव्हती, ते आम्ही ब्रशने रेखाटले.

फोटो काढताना प्राण्याला किंवा माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे ठेवा, म्हणजे भिंतीचा रंग केसांवर कमी पडतो. पांढऱ्या केसांमागे गडद आणि काळ्या केसांमागे फिकट भिंत घ्या. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो सुटे केस आधीच पुसून टाकतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मागे कोणता रंग येणार आहे तेही सोबत लिहा.